कारण सापडलं, आजार राहून गेला

घरातल्या कुणाची झोप उडाली, जेवण कमी झालं, चेहरा उतरला, की आपण आधी कारण शोधतो. मुलीचं लग्न जमत नाही, कर्जाचे हप्ते थकलेत, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, ऑफिसात नवा साहेब आलाय. शोधलं की सापडतंच, काहीच काळजी नाही असं घर असतं कुठे? आणि एकदा कारण सापडलं की पुढचा विचार थांबतो. ‘एवढं सगळं चाललंय म्हटल्यावर कुणालाही टेन्शन येणारच,’ असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. नैराश्य, म्हणजे लोक ज्याला डिप्रेशन म्हणतात तो आजार, आपल्याकडे इतका उशिरा ओळखला जातो, त्यामागे मला हे एक मोठं कारण दिसतं. लक्षणं घरच्यांना दिसत नाहीत असं मुळीच नाही. रोज दिसतात. पण त्यांचा अर्थ आधीच लावून झालेला असतो.

निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र आपल्याला ओळखीचं वाटेल असंच होतं. नैराश्याचा आजार असलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांना कसलेही उपचार मिळत नव्हते. डॉक्टर कमी, अंतरं लांब, लोक काय म्हणतील ही भीती, हे सगळं त्यात आहेच. पण दवाखान्याची पायरी चढलेल्यांमध्येही कितीतरी जण पित्ताची आणि ताकदीची औषधं घेऊन घरी परततात.

मोठा धक्का बसून एखाद्याला हार्ट अटॅक आला, तर ‘धक्काच तसा होता, मग उपचार कशाला’ असं आपण म्हणत नाही. मनाच्या बाबतीत नेमकं तेच म्हणतो. नैराश्याचा आजार बऱ्याचदा खऱ्याखुऱ्या अडचणीतूनच सुरू होतो, त्यामुळे कारण आहे की नाही यावरून तो ताण आहे की आजार हे ठरत नाही. ते ठरतं दुसऱ्याच गोष्टींवरून. त्या एका हकिकतीतून सांगतो. ही हकिकत कुणा एका व्यक्तीची नाही. फॅमिली डॉक्टरांकडे नेहमी येणाऱ्या तक्रारींवरून ती जुळवलेली आहे.

इचलकरंजीत खाणावळ चालवणाऱ्या एक बाई, वय ४७. डबे नेणारी पोरं त्यांना काकू म्हणतात, आपणही तेच म्हणू. यजमानांचे यंत्रमाग बंद पडल्यापासून घर काकूंच्या पंचवीसेक डब्यांवर चालतं. थोरल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न गणपतीच्या आधी मोडलं आणि तिथून काकूंची तब्येत बिघडली. पाठ दुखायची, डोकं जड व्हायचं, छातीत जळजळ, हातापायांतली ताकदच गेल्यासारखी. दोन डॉक्टर झाले. पित्ताच्या गोळ्या झाल्या, व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाली, एकदा सलाईनही लावून झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणली आणि रोज रात्री अर्धी घ्यायला सुरुवात केली. ‘मन उदास आहे’ असं त्या कुणालाही म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे बहुतेक जण म्हणत नाहीत. दुखणं शरीराच्या वाटेनं बाहेर येतं आणि डॉक्टरही त्याच वाटेनं आत जातात.

तिसऱ्या डॉक्टरांनी झोपेबद्दल नीट विचारलं. “ताई, झोप लागतच नाही, की लागते पण टिकत नाही?” काकूंना दहा-साडेदहाला झोप लागायची. दिवसभर चुलीशी उभं राहिल्यावर लागणारच. पण पहाटे तीनच्या सुमाराला जाग यायची ती यायचीच. डब्यांसाठी त्या साडेपाचला उठतात, म्हणजे मधले अडीच तास छताकडे बघत. त्या वेळी डोक्यात येणारं सगळं काळंच. माझ्या हातूनच सगळं बिघडलं, मुलीचं नशीब माझ्यामुळे फुटलं, मी घराला ओझं झालेय. उठताना अंग शिशासारखं जड. दुपारनंतर जरा सुटायचं आणि संध्याकाळी पोरं डबे न्यायला यायची तेव्हा त्या दोन शब्द तरी बोलायच्या.

जाणत्या डॉक्टरला एवढ्यावरून पुष्कळ काही कळतं. साध्या ताणात त्रास बहुधा झोप लागण्याचा असतो. माणूस कूस बदलत राहतो, उद्याचे हिशेब डोक्यात चालू असतात, पण एकदा डोळा लागला की सुट्टीच्या दिवशी तो आठ वाजेपर्यंत झोपू शकतो. नेहमीच्या वेळेच्या दोन तास किंवा त्याहून आधी जाग येणं, पुन्हा झोप न लागणं आणि सकाळ ही दिवसातली सगळ्यात वाईट वेळ असणं, हा नैराश्याच्या ठळक रूपाचा जुना, ओळखीचा नमुना आहे. या आजारात झोपेची घडीच विस्कटते. गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि स्वप्नांची झोप, जी एरवी साधारण दीड तासानं येते, ती लवकर येऊ लागते. म्हणून सहा तास झोप झाली तरी ती अंगी लागत नाही. अर्थात प्रत्येकाचा आजार असा पहाटे उठवत नाही. काहींना झोप लागतच नाही, तर काही जण, विशेषतः तरुण मुलं, दहा-बारा तास झोपतात आणि तरी थकलेलीच असतात.

पण झोपेपेक्षाही महत्त्वाची होती दुसरी गोष्ट, आणि ती यजमानांनी सांगितली. दिवाळीनंतर मुलीला दुसरं चांगलं स्थळ आलं आणि सुपारी फुटली. ज्याची काळजी म्हणून सगळे बोट दाखवत होते, तीच मिटली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. काकूंनी पाहुण्यांचा स्वयंपाक केला, हसून बोलल्या आणि रात्री यजमानांना म्हणाल्या, “मला आनंद व्हायला पाहिजे ना हो? काहीच होत नाही.”

ताण आणि आजार वेगळे करायला याच्याइतकी उपयोगी खूण क्वचितच असेल. ताणात मन अडचणीला बांधलेलं असतं. अडचण सुटली की ते सुटतं, आणि अडचण असतानाही चांगली बातमी आली, नातू मांडीवर येऊन बसला, आवडीचं गाणं लागलं, की तेवढ्यापुरतं वर येतं. ताणातल्या माणसाला चार घटका विरंगुळा हवा असतो, पण वेळ मिळत नाही. नैराश्यात वेळ असतो, समोर हवं ते असतं, आणि काहीच नको असतं. काकूंनी गौरीच्या फुगड्यांना जाणं टाळलं होतं, गुरुवारची भिशी सोडली होती. स्वयंपाकाबद्दल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “हाताच्या अंदाजानं मीठ घालते. चव बघावीशी वाटत नाही.” सतरा वर्षं लोकांना जेवू घालणाऱ्या बाईचं हे वाक्य कुठल्याही रिपोर्टइतकं बोलकं आहे.

तिसरी गोष्ट कालावधीची. एखादा आठवडा वाईट जाणं, दुःखाच्या बातमीनंतर जेवण न जाणं, हे माणसाचं नेहमीचं जगणं आहे. आजार म्हणायचं तर दिवसाचा बराचसा वेळ, जवळपास रोज, सलग किमान दोन आठवडे मन उदास किंवा निरस असावं लागतं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थता, मरणाचे विचार, अशांपैकी काही हवीत. सगळी मिळून पाच किंवा अधिक. आणि या सगळ्यामुळे रोजचं काम, घर किंवा नाती अडायला हवीत. जवळचं माणूस गेल्यानंतरचं दुःख यापेक्षा वेगळं असतं. ते लाटांसारखं येतं आणि ओसरतं, मधेच आठवणीनं हसूही येतं, आणि दुःखी माणूस सहसा स्वतःला नालायक समजत नाही. पण दुःखाच्या पोटातही हा आजार धरू शकतो, म्हणून ‘अजून वर्षही झालं नाही’ एवढ्यावर तपासणी पुढे ढकलू नये.

हे सगळं मोजायला डॉक्टरांकडे नऊ प्रश्नांची एक पानभर प्रश्नावली असते, तिला पीएचक्यू-९ म्हणतात. ती विनामूल्य आहे आणि मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असं प्रत्येक प्रश्न विचारतो. अजिबात नाही म्हणजे शून्य, काही दिवस म्हणजे १, निम्म्याहून अधिक दिवस म्हणजे २, जवळपास रोज म्हणजे ३. काकूंची उत्तरं अशी आली: कशातच रस नाही ३, उदास वाटणं २, झोप ३, थकवा ३, भूक २, स्वतःबद्दल वाईट वाटणं २, लक्ष न लागणं १, हालचाल मंदावणं १. शेवटचा, नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला त्यांनी जरा थांबून १ दिला. बेरीज १८. या प्रश्नावलीत एकूण २७ गुण असतात. दहाच्या पुढे गेल्यास आजाराची नीट तपासणी व्हायला हवी आणि १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. कागदावरचे गुण म्हणजे निदान नव्हे, निदान डॉक्टरच बोलून करतात. पण ‘जरा बरं वाटत नाही’ याला आकडा मिळाला की पुढे सुधारणा होतेय की नाही हेही दिसतं.

नवव्या प्रश्नावर डॉक्टर थांबले. यजमानांना बाहेर बसवून त्यांनी सरळ विचारलं, “रात्री झोपले आणि सकाळी उठलेच नाही तर बरं, असं वाटतं का? की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं?” असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट बहुतेकांना हायसं वाटतं. काकूंच्या मनात पहिला विचार होता, दुसरा नव्हता. तरी डॉक्टरांनी यजमानांना एवढं सांगितलं, की झोपेच्या गोळ्यांची पट्टी तुमच्या ताब्यात ठेवा आणि परड्यातलं उंदरांचं औषध आजच घराबाहेर काढा. शेतकरी घरात हीच गोष्ट कीटकनाशकाच्या डब्याबद्दल. वाईट क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. मरण्याचा बेत ठरलेला असेल, किंवा कानात आवाज ऐकू येत असतील, किंवा माणसानं खाणंपिणंच सोडलं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड मंदावला की थकवा, जडपणा, उदासी असं सगळं येतं. रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल, साखर वाढलेली असेल, तरी चित्र थोडंफार असंच दिसतं. जोरात घोरणाऱ्या माणसाचा रात्री श्वास अडकत असेल तर तोही दिवसभर असाच सुस्त असतो. स्टेरॉइडसारखी औषधं आणि रोजची दारू हीदेखील मन खाली ओढतात. काकूंचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं, बाकी ठीक. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. रिपोर्टात एक गोष्ट सापडली म्हणून बाकीचा शोध बंद करणं ही पुन्हा तीच कारण सापडल्याची चूक झाली असती.

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, जो घाईच्या ओपीडीत हमखास राहून जातो. “पूर्वी कधी याच्या उलट झालं होतं का? आठवडाभर झोप जवळजवळ नाही तरी अंगात प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, वारेमाप खर्च?” काहींचा आजार असा दोन टोकांचा असतो, त्याला बायपोलर म्हणतात. त्यांना नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला उसळू शकतं. स्वतःच्या मनानं, किंवा शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी आणून घेऊ नये, त्याचं हे एक पक्कं कारण. काकूंच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

डॉक्टरांनी सर्ट्रालिन हे औषध कमी मात्रेत सुरू केलं. या गटातल्या औषधांबद्दल आधीच सांगायला हवं ते हे, की पहिल्या आठवड्यात फायदा दिसत नाही, त्रास दिसतो. मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी, थोडी घालमेल. हा त्रास बहुधा एक-दोन आठवड्यांत कमी होतो. मनाला फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पूर्ण परिणाम पाहायला सहाएक. हे आधी सांगितलं नाही, तर रुग्ण पाचव्या दिवशी गोळी बंद करतो आणि ‘मानसिक आजाराची औषधं सोसत नाहीत’ असं सगळ्या गल्लीला सांगतो. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण त्या वयात काहींच्या मनात मरणाचे विचार वाढू शकतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप मोडणं असं होतं, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायच्या असतात. काही जणांची लैंगिक इच्छा कमी होते. ते लाजून लपवण्यापेक्षा सांगावं, औषध बदलता येतं.

व्यसन लागतं ते मेडिकलमधून आणलेल्या त्या अर्ध्या गोळीचं. अल्प्राझोलामसारखी गोळी झोप आणते, आजाराला हात लावत नाही, आणि काही आठवड्यांत तिच्याशिवाय झोप येईनाशी होते. काकूंची ती गोळीही थोडी थोडी कमी करत बंद झाली. पुरुषांच्या बाबतीत या गोळीची जागा बऱ्याचदा दारू घेते. ती डोळा लवकर लावते आणि रात्रीच्या दुसऱ्या भागातली झोप मोडते, म्हणजे पहाटेची ती जाग आणखी पक्की होते. पुरुषांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड पुढे दिसते, त्यामुळे घरात ‘यांचा स्वभाव हल्ली बिघडलाय’ एवढीच नोंद होते.

उपचाराचा दुसरा भाग बोलण्याचा आणि करण्याचा, आणि त्याचं चांगलं काम आपल्या शेजारी गोव्यात झालंय. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेनं हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाची पद्धत तयार केली. गावातल्या साध्या माणसांना, ज्यांनी मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं, आणि त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत काम केलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले होते, ते न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. न मिळालेल्यांतलेही पुष्कळ जण सुधारले हे खरं, पण शंभरामागे पंचवीस जणांचा फरक मोठा आहे, आणि तो मोठ्या डिग्रीवाल्या तज्ज्ञांनी घडवलेला नाही.

या पद्धतीचा गाभा साधा आहे. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, त्यामुळे आनंद मिळण्याच्या जागाच संपतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो. ‘मन लागलं की करीन’ म्हणून थांबलं तर मन लागत नाही. म्हणून क्रम उलटा करायचा, इच्छेची वाट न बघता ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायचं, आणि आधी व नंतर मनाला दहापैकी किती गुण देता ते वहीत लिहायचं. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ या सल्ल्यात आणि यात फार अंतर आहे. इथे विचार बदलायला कुणी सांगत नाही.

काकूंनी पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी ठरवल्या. चार वाजता शेजारणीबरोबर पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत जायचं, आणि दिवसातल्या एका भाजीची चव बघायचीच. पहिल्या दिवशी वहीत दोन आणि दोन असे गुण पडले, म्हणजे काहीच फरक नाही. तिसऱ्या दिवशी त्या गेल्याच नाहीत. पाचव्या दिवशी दोनाचे तीन झाले. झोपेसाठी एवढंच, की पहाटे जाग आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात पडून न राहता मंद उजेडात बाहेर बसायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही आणि रात्री कशीही गेली तरी उठायची वेळ बदलायची नाही. चौथ्या आठवड्यात प्रश्नावलीची बेरीज १२ आली, आठव्या आठवड्यात ६. आधी झोप सुधारली, मग भूक. रस सगळ्यात शेवटी परतला, आणि हे बऱ्याच जणांच्या बाबतीत असंच होतं. म्हणून झोप लागायला लागली, आता बरं आहे, असं म्हणून दुसऱ्या महिन्यात औषध सोडणं धोक्याचं. पूर्ण बरं वाटू लागल्यावरही ते सहा ते नऊ महिने चालू ठेवावं लागतं. एकदा हा आजार झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे कधीतरी तो पुन्हा होतो, आणि लवकर औषध सोडणाऱ्यांत ही शक्यता वाढते. प्रत्येकाला पहिलं औषध लागूच पडतं असंही नाही. सहा आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात.

सौम्य आजारात बहुधा गोळीची गरजही लागत नाही, समुपदेशन आणि अशी ठरवलेली कामं पुरतात. कुणाला काय लागेल हे तपासल्यावर कळतं, आणि सुरुवात फॅमिली डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत करता येते. त्यांच्याकडे जाताना ‘अंग दुखतं’ एवढंच सांगू नका. झोप किती वाजता मोडते, कशाची आवड गेली आणि हे किती आठवड्यांपासून आहे, हे तीन तपशील सांगा. जायला मन धजत नसेल, किंवा घरातलं कुणी मरणाची भाषा बोलत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.